एक वर्ग, दोन चाचण्या आणि योग्य परीक्षिकेची निवड

बी.एड. आणि डी.एल.एड.च्या कृतिसंशोधनात एक आराखडा हमखास दिसतो. आधी वर्गाची पूर्वचाचणी होते, मग काही आठवडे नवा उपक्रम राबवला जातो आणि शेवटी उत्तरचाचणी घेतली जाते. दोन्ही वेळचे गुण समोर आले की सरासरी बहुधा वाढलेली असते. प्रश्न उरतो तो असा की ही वाढ खरी मानायची, की एवढा चढउतार नुसत्या योगायोगानेही झाला असता? याचा निवाडा करण्याच्या गणिती रीतीला संख्याशास्त्रात परीक्षिका म्हणतात. पुढे मुलांनी सोडवलेल्या प्रश्नपत्रिकेला चाचणी आणि गुणांवर चालवायच्या गणिताला परीक्षिका असे वेगवेगळे म्हटले आहे.

परीक्षिका डझनावारी आहेत. एका वर्गाच्या दोन चाचण्यांसाठी मात्र खरी निवड तीन-चारांतूनच करायची असते आणि तिच्यासाठी गणितापेक्षा आपल्या आकड्यांची जात ओळखणे जास्त उपयोगी पडते. हातानेही सोडवता येईल असे एक छोटे काल्पनिक उदाहरण घेऊन ते पाहता येईल. एका छोट्या शाळेतल्या वर्गात दहा मुले आहेत. अपूर्णांकांच्या बेरजेवर वीस गुणांची पूर्वचाचणी झाली, तीन आठवडे कागदी पट्ट्या वापरून शिकवले गेले आणि मग तितक्याच काठिण्याची उत्तरचाचणी झाली.

| हजेरी क्र. | पूर्वचाचणी | उत्तरचाचणी | फरक |
|---|---|---|---|
| १ | ६ | ९ | +३ |
| २ | ८ | १२ | +४ |
| ३ | ११ | १२ | +१ |
| ४ | ५ | १० | +५ |
| ५ | १४ | १६ | +२ |
| ६ | ९ | ८ | −१ |
| ७ | १२ | १५ | +३ |
| ८ | ७ | १३ | +६ |
| ९ | १६ | १७ | +१ |
| १० | १२ | १८ | +६ |

पूर्वचाचणीची सरासरी १० आहे, उत्तरचाचणीची १३. म्हणजे सरासरी वाढ ३ गुणांची. नऊ मुले पुढे गेली, एक मूल एका गुणाने मागे आले.

दोन्ही आकडे एकाच मुलाचे

पहिला आणि सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हा की दोन्ही स्तंभांतले आकडे एकाच मुलांचे आहेत की वेगळ्या मुलांचे. एका वर्गाच्या पूर्व आणि उत्तरचाचणीत उत्तर उघड आहे: तीच मुले, दोनदा. पूर्वचाचणीतल्या प्रत्येक आकड्याला उत्तरचाचणीत त्याचा स्वतःचा जोडीदार आहे. अशा आकड्यांना जोडीचे आकडे म्हणतात आणि त्यांच्यासाठी जोडीची टी-परीक्षिका असते. तिची दुसरी बहीण म्हणजे स्वतंत्र गटांची टी-परीक्षिका. 'अ' तुकडीची 'ब' तुकडीशी तुलना करायची असेल, म्हणजे दोन गटांतली मुलेच वेगळी असतील, तेव्हा ती वापरतात. दोघींच्या नावात 'टी' असल्याने गल्लत होते आणि ही गल्लत निष्कर्षच उलटा करू शकते.

वरच्या वर्गावर दोन्ही चालवून पाहिले की ते कळते. आधी चुकीची रीत. दोन स्तंभ म्हणजे जणू दोन वेगळ्या वर्गांचे गुण, असे समजून स्वतंत्र गटांची परीक्षिका लावली. या रीतीत ३ गुणांच्या वाढीची तुलना मुलामुलांतल्या मूळ तफावतीशी होते. तफावत तर मोठी आहे. पूर्वचाचणीत कोणाला ५ आहेत, कोणाला १६. या पसाऱ्यातून सरासरीच्या फरकाची प्रमाण त्रुटी, म्हणजे तो फरक योगायोगाने साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतो याचा अंदाज, १.५७ गुण येतो. ३ ला १.५७ ने भागले की टी १.९१. कोष्टकात १८ स्वाधीनता मात्रांसाठी पाच टक्के पातळीची मर्यादा २.१०१ आहे. १.९१ तिच्या खाली राहते, म्हणून निष्कर्ष निघतो की वाढ सार्थक नाही.

आता योग्य रीत. दोन स्तंभ बाजूला ठेवून फक्त शेवटचा, फरकांचा स्तंभ घ्यायचा: ३, ४, १, ५, २, −१, ३, ६, १, ६. त्यांची सरासरी ३. प्रत्येक फरक या सरासरीपासून किती दूर आहे ते काढून त्याचा वर्ग केला आणि बेरीज घेतली तर ४८ येते. तिला दहातून एक वजा करून, म्हणजे ९ ने भागले की ५.३३ आणि त्याचे वर्गमूळ २.३१. हे फरकांचे प्रमाण विचलन. त्याला मुलांच्या संख्येच्या वर्गमुळाने, ३.१६ ने, भागले की प्रमाण त्रुटी मिळते: ०.७३. आणि ३ भागिले ०.७३ म्हणजे टी ४.११. इथे स्वाधीनता मात्रा ९ आहेत. पाच टक्क्यांची मर्यादा २.२६२, एक टक्क्याची ३.२५०. दोन्ही सहज ओलांडल्या गेल्या.

गुण तेच, सरासरी वाढ तीच, तरी एकीकडे 'सार्थक नाही' आणि दुसरीकडे 'एक टक्का पातळीवर सार्थक'. याचे कारण पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणीतल्या नात्यात आहे. ज्याला आधी १६ होते त्याला नंतर १७ आहेत, ज्याला ६ होते त्याला ९ आहेत. हुशार मूल दोन्ही वेळा वर राहते, मागे असलेले दोन्ही वेळा खाली. या वर्गात दोन चाचण्यांमधला सहसंबंध गुणक ०.७८ च्या आसपास येतो. प्रत्येक मुलाचा फरक काढला की त्याची मूळची हुशारी वजाबाकीत निघून जाते आणि उरतो तो फक्त बदल. स्वतंत्र गटांची परीक्षिका ही वजाबाकी करतच नाही, त्यामुळे मुलामुलांतली जुनी तफावत बदलाच्या वाटेत आडवी येते.

या रीतीचा जन्मच मुळी जोडीच्या आकड्यांशी निगडित आहे. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीत काम करणारे विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये 'बायोमेट्रिका' या नियतकालिकात 'स्टुडंट' या टोपणनावाने एक लेख लिहिला. ज्या रीतीला पुढे टी-परीक्षिका हे नाव पडले ती तिथे प्रथम मांडली गेली. त्यातल्या एका उदाहरणात योगायोगाने दहाच माणसे होती: दहा रुग्णांना झोपेची दोन वेगळी औषधे दिली होती आणि प्रत्येक औषधाने झोप किती तास वाढली याची नोंद होती. गॉसेट यांनी प्रत्येक रुग्णासाठी दोन औषधांतला फरक घेतला. त्याची सरासरी १.५८ तास होती आणि जोडी धरून हिशेब केला की तो फरक ठळकपणे सार्थक ठरतो. तेच आकडे दोन वेगळ्या गटांचे म्हणून हाताळले तर तो सार्थक ठरत नाही.

फरकांचा आकार कसा आहे

जोडी ठरली की दुसरा प्रश्न येतो. जोडीची टी-परीक्षिका असे गृहीत धरते की फरक साधारणपणे प्रसामान्य वितरणाच्या आकारात पसरले आहेत: बहुतेक सरासरीच्या आसपास, दूरचे थोडे आणि दोन्ही बाजूंना साधारण सारखे. इथे नवशिक्यांकडून ठरावीक चूक होते. पूर्वचाचणीचे गुण प्रसामान्य आहेत का, उत्तरचाचणीचे आहेत का, असे दोन स्तंभ वेगवेगळे तपासले जातात आणि प्रबंधात दोघांचे आलेखही छापले जातात. जोडीच्या परीक्षिकेला त्या स्तंभांशी काही देणेघेणे नाही. ती फक्त फरक पाहते, म्हणून तपासायचे तेही फरकच.

तपासायचे कसे? तीस-चाळीस मुलांपर्यंतच्या वर्गाला कागद आणि पेन्सिल पुरते. एक आडवी रेघ मारून तिच्यावर प्रत्येक फरकासाठी एक ठिपका द्यायचा. वरच्या वर्गाचे ठिपके −१, १, १, २, ३, ३, ४, ५, ६, ६ असे पडतात. कुठे एकाकी ठिपका नाही, एका बाजूला लांब शेपूट नाही. टी-परीक्षिका वापरायला हरकत नाही. संगणकावर शापिरो-विल्क नावाची प्रसामान्यतेची परीक्षिकाही चालवता येते, पण तिच्यावर फार विसंबू नये. दहा-बारा मुलांत ती दोष पकडायला कमी पडते आणि शेकडो मुलांत किरकोळ वाकडेपणावरही बोट ठेवते. एक दिलासा असा की वर्ग मोठा असेल तर फरकांचा आकार थोडा बेढब असूनही टी-परीक्षिका फारशी फसत नाही, कारण मोठ्या संख्येची सरासरी स्वतः प्रसामान्यतेकडे झुकते.

आकार बिघडला तर काय होते ते पाहण्यासारखे आहे. समजा, आठव्या क्रमांकाच्या मुलाने उत्तरचाचणीत १३ ऐवजी पैकीच्या पैकी २० गुण मिळवले. कदाचित घरी कोणी कसून तयारी करून घेतली असेल, कदाचित शेजारच्याच्या वहीत डोकावले असेल. त्याचा फरक ६ वरून १३ झाला. वर्गाची सरासरी वाढ ३ वरून ३.७ झाली, म्हणजे उपक्रमाच्या बाजूचा पुरावा वाढला असेच कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात टी ४.११ वरून ३.०३ वर घसरतो. एका मुलाने जास्त प्रगती केली आणि परीक्षिकेचा विश्वास कमी झाला! कारण त्या एका ठिपक्याने सरासरी थोडीच वाढवली, पण प्रमाण विचलन २.३१ वरून थेट ३.८६ वर नेले. पाच टक्क्यांची मर्यादा अजून ओलांडली जाते, एक टक्क्याची मात्र आता नाही.

अशा वेळी विल्कॉक्सनची परीक्षिका उपयोगी पडते. फ्रँक विल्कॉक्सन हे अमेरिकेत एका रसायन कंपनीत काम करणारे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी १९४५ मध्ये ती मांडली. तिची युक्ती अशी की फरकाचा आकडा न घेता त्याचा क्रम घ्यायचा. उणे-अधिक चिन्ह तात्पुरते विसरून सगळ्यांत लहान फरकाला पहिला क्रम, त्याहून मोठ्याला पुढचा. सारखे फरक असतील तर त्यांना त्यांच्या क्रमांची सरासरी वाटून द्यायची आणि ज्याचा फरक शून्य असेल ते मूल हिशेबातून वगळायचे.

आपल्या वर्गात १, १ आणि −१ हे तीन सगळ्यांत लहान फरक आहेत. ते पहिल्या तीन जागा अडवतात, म्हणून तिघांनाही क्रम २. मग २ या फरकाला क्रम ४, दोन्ही ३ ना ५.५, ४ ला ७, ५ ला ८ आणि दोन्ही ६ ना ९.५. आता चिन्हे परत आणायची. उणे फरक एकच आहे, त्याचा क्रम २. अधिक फरकांच्या क्रमांची बेरीज ५३. उपक्रमाचा काहीच परिणाम नसता तर दोन्ही बेरजा सत्तावीस-अठ्ठावीसच्या आसपास असायला हव्या होत्या. लहान बेरीज जितकी लहान तितका पुरावा भक्कम. दहा जोड्यांसाठी कोष्टकात पाच टक्क्यांची मर्यादा ८ आणि एक टक्क्याची ३ आहे. आपली बेरीज २, म्हणजे निकाल टी-परीक्षिकेसारखाच.

आता आठव्या मुलाचे २० गुण घालून पाहिले तर? त्याचा फरक १३ झाला तरी त्याचा क्रम सर्वांत वरचा, म्हणजे १० एवढाच होतो. दुसऱ्या ६ ला ९ मिळतो. उणे बाजूची बेरीज २ ची २ च राहते. एकट्या मुलाच्या उडीने निकाल हलत नाही, हाच या रीतीचा गुण.

मग सरसकट विल्कॉक्सनच का वापरू नये? कारण आकडे सरळ असताना क्रमात बदलले की थोडी माहिती वाया जाते आणि शिवाय 'सरासरी किती गुण वाढले' याचे उत्तर ती थेट देत नाही. तीही अगदी बिनशर्त नाही: फरक मध्याच्या दोन्ही बाजूंना साधारण सारखे पसरलेले असावेत ही तिची अपेक्षा असते. फरकांचे ठिपके ठीक दिसत असतील तर टी, एकाकी ठिपका असेल किंवा वर्ग लहान आणि आकार वेडावाकडा असेल तर विल्कॉक्सन, असा व्यवहार ठेवला तर चालते. मात्र दोन्ही चालवून ज्यात निकाल चांगला दिसतो ती अहवालात टाकणे हे लबाडीचे काम आहे आणि ते दुर्दैवाने बरेच होते. परीक्षिका ठरते ती ठिपके पाहून; निकाल पाहून ती बदलायची नसते.

गुण आहेत की नुसता शेरा

तिसरा प्रश्न आकड्यांच्या जातीचा. आतापर्यंत हातात गुण होते. काही वेळा मात्र गुणांऐवजी उत्तीर्ण-अनुत्तीर्ण, 'वाचता येते' आणि 'वाचता येत नाही' असे दोनच शेरे असतात. तिथे सरासरीला अर्थ नाही. अशा जोडीच्या शेऱ्यांसाठी मॅकनेमार यांची परीक्षिका आहे, १९४७ सालची. ती फक्त बाजू बदललेल्या मुलांकडे पाहते. जे दोन्ही वेळा उत्तीर्ण किंवा दोन्ही वेळा अनुत्तीर्ण, त्यांच्याकडून बदलाबद्दल काहीच कळत नाही म्हणून ती त्यांना सोडून देते.

महाराष्ट्रात दहावीला उत्तीर्ण होण्यासाठी ३५ टक्के लागतात. तोच दंडक आपल्या वर्गाला लावला तर वीसपैकी ७ गुण ही रेषा. पूर्वचाचणीत दोन मुले, ६ आणि ५ गुणांची, रेषेखाली होती. उत्तरचाचणीत सगळे पार. म्हणजे बाजू बदलली फक्त दोघांनी, दोघांनीही चांगल्या दिशेने. उपक्रमाचा परिणाम नसता तरी दोघेही एकाच दिशेने सरकण्याची शक्यता निम्मी असते, जशी दोन नाणी उडवल्यावर दोन्ही छाप किंवा दोन्ही काटा पडण्याची. पी-मूल्य ०.५. पुरावा म्हणून यात काही नाही.

याच वर्गात गुणांवरून एक टक्का पातळीवर सार्थक ठरलेली वाढ उत्तीर्ण-अनुत्तीर्णात टाकताच नाहीशी झाली. ७ वरून १३ वर गेलेले मूल आणि १६ वरून १७ वर गेलेले मूल या रीतीच्या लेखी सारखेच: दोघांनीही रेषा ओलांडलेली नाही. पाच टक्के पातळी गाठायला मॅकनेमारच्या रीतीत किमान सहा मुलांनी बाजू बदलावी लागते, तीही सगळ्यांनी एकाच दिशेने. तेव्हा हातात गुण असताना ते शेऱ्यांत रूपांतरित करू नयेत. शेरेच मिळाले असतील तर ही परीक्षिका, आणि वर्ग बराच मोठा हवा.

'अ', 'ब', 'क' अशा श्रेणी किंवा 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' असे पर्याय या दोहोंच्या मध्ये पडतात. त्यांना क्रम आहे, पण 'अ' आणि 'ब' मधले अंतर 'ब' आणि 'क' मधल्या अंतराएवढेच आहे याची खात्री नाही. अशा वेळी बहुतेक जण विल्कॉक्सन वापरतात. त्याहून काटेकोर राहायचे तर फक्त किती मुले वर गेली आणि किती खाली आली हे मोजणारी चिन्ह-परीक्षिका वापरता येते. आपल्या वर्गात नऊ वर आणि एक खाली. तिथे पी-मूल्य ०.०२ च्या जवळ येते.

संगणकावर नेमके काय टंकायचे

हाताने गणित आता फारसे कोणी करत नाही. एक्सेलमध्ये पूर्वचाचणीचे गुण `B2` ते `B11` आणि उत्तरचाचणीचे `C2` ते `C11` या घरांत भरले असतील तर रिकाम्या घरात एवढेच लिहायचे:

```
=T.TEST(B2:B11,C2:C11,2,1)
```

यातला शेवटून दुसरा आकडा २ म्हणजे वाढ आणि घट या दोन्ही शक्यता मोजायच्या. नवा उपक्रम मुलांना गोंधळातही टाकू शकतो, म्हणून हाच पर्याय सुरक्षित. शेवटचा १ म्हणजे जोडीची परीक्षिका. सगळी निवड या एका अंकात आहे. तिथे चुकून २ पडला तर संगणक तक्रार न करता स्वतंत्र गटांची परीक्षिका चालवतो. १ ठेवला की आपल्या वर्गाचे पी-मूल्य सुमारे ०.००३ येते, २ ठेवला की सुमारे ०.०७. दुसऱ्याचा प्रबंध तपासतानाही ही चूक पकडायची एक सोपी खूण आहे: स्वाधीनता मात्रा पाहाव्यात. दहा मुलांच्या जोडीच्या परीक्षिकेत त्या ९ असतात. १८ लिहिलेल्या दिसल्या तर चुकीची परीक्षिका चाललेली आहे, पुढचे काही वाचायची गरज नाही.

संगणकापर्यंत पोहोचण्याआधीच एक मोठे नुकसान होऊ शकते. मुलांनी मोकळेपणाने लिहावे म्हणून काही शिक्षक चाचणीवर नावच लिहू देत नाहीत. मग दोन गठ्ठे हातात येतात, पण पूर्वचाचणीची कोणती उत्तरपत्रिका उत्तरचाचणीतल्या कोणत्या मुलाची हे कळत नाही. जोड्या गेल्या की त्या कोणत्याही गणिताने परत मिळत नाहीत. गुण चढत्या क्रमाने लावून पहिल्याला पहिला असे जुळवणे तर निव्वळ बनावट आहे. नाव नको असेल तर हजेरी क्रमांक किंवा मुलाने स्वतः निवडलेली खूण दोन्ही कागदांवर असली पाहिजे. तसेच उत्तरचाचणीला गैरहजर राहिलेल्या मुलाची जोडी पूर्ण होत नाही, त्याला हिशेबातून वगळावे लागते. त्याच्या रकान्यात शून्य घालणे ही सर्रास होणारी चूक आहे. आणि गैरहजर राहिलेली मुले प्रामुख्याने कच्चीच असतील तर उरलेल्या वर्गाचे चित्र आपोआप वेगळे दिसते, हे अहवालात लिहायला हवे.

निकाल काय सांगतो, काय सांगत नाही

पी-मूल्य ०.००३ याचा अर्थ उपक्रम यशस्वी होण्याची शक्यता ९९.७ टक्के आहे, असा नाही. अर्थ एवढाच की अशा मुलांत खरोखर सरासरी बदल शून्य असता, तर एवढा किंवा याहून मोठा फरक हजारातून सुमारे तीन वेळा दिसला असता. वाढ किती मोठी आहे हे त्यातून कळत नाही. त्यासाठी वाढीचा पट्टा द्यावा. प्रमाण त्रुटी ०.७३ ला कोष्टकातल्या २.२६२ ने गुणले की १.६५, ३ मधून तो वजा केला आणि ३ मध्ये मिळवला की खरी सरासरी वाढ १.३५ ते ४.६५ गुणांच्या दरम्यान असावी असा ९५ टक्के विश्वासाचा अंदाज मिळतो. वीस गुणांच्या चाचणीत दीड गुण आणि साडेचार गुण यांत शिक्षकाच्या दृष्टीने बराच फरक आहे. दहा मुलांच्या वर्गातून याहून नेमके उत्तर निघत नाही.

याहून मोठी मर्यादा परीक्षिकेच्या बाहेरची आहे. गुण वाढले हे ती सांगते. कशामुळे वाढले हे नाही. त्याच तीन आठवड्यांत घरच्या अभ्यासात अपूर्णांक येऊन गेले असतील. प्रश्नपत्रिका तीच परत दिली असेल तर मुलांना प्रश्नच पाठ झालेले असतील. अमेरिकी संशोधक डोनाल्ड कॅम्पबेल आणि ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९६३ मध्ये शैक्षणिक प्रयोगांच्या आराखड्यांची जी छाननी केली, तीत एकाच गटाच्या पूर्व-उत्तर आराखड्याला याच कारणांनी कमकुवत ठरवले होते. परीक्षिका कितीही अचूक निवडली तरी ही उणीव भरून निघत नाही.

यातला सगळ्यांत फसवा भाग आपल्या वर्गात दिसतो. पूर्वचाचणीतली सर्वांत मागची चार मुले, ५, ६, ७ आणि ८ गुणांची, सरासरी साडेचार गुणांनी पुढे गेली. सर्वांत पुढची चार, १२ ते १६ गुणांची, फक्त ३ गुणांनी. लगेच लिहावेसे वाटते की कागदी पट्ट्यांचा फायदा कच्च्या मुलांना जास्त झाला. पण एखाद्या दिवशी सर्वांत कमी गुण मिळवणाऱ्यांत काही जण त्या दिवशी आजारी, घाबरलेले किंवा कमनशिबीही असतात. दुसऱ्या चाचणीत ते काहीही न शिकवता थोडे वर येतात आणि नशिबाने वर गेलेले थोडे खाली येतात. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीत हा सरासरीकडे ओढला जाण्याचा कल दाखवला होता. चाचण्यांच्या गुणांनाही तोच लागू पडतो. शिवाय १६ गुण असलेल्या मुलाला वाढायला फक्त चारच गुण शिल्लक होते. निदानात्मक चाचणीत मागे पडलेली मुले निवडून फक्त त्यांच्यावर उपचारात्मक अध्यापन केले तर हा कल संपूर्ण गटालाच वर ढकलतो आणि टी-परीक्षिका त्यालाही सार्थक म्हणते.

यावर इलाज एकच: उपक्रम न केलेला, शक्यतो तशाच मुलांचा दुसरा वर्ग. तो मिळाला की प्रश्न बदलतो आणि परीक्षिकाही. आता एका वर्गाचे फरक आणि दुसऱ्या वर्गाचे फरक यांची तुलना करायची असते. मुले वेगळी आहेत, म्हणून इथे मघाशी चुकीची ठरलेली स्वतंत्र गटांची टी-परीक्षिकाच योग्य ठरते, फक्त ती फरकांच्या स्तंभांवर चालवायची. दुसरा वर्ग नसेल आणि महिन्याभराने तिसरी, धारणचाचणी घेतली असेल तर मात्र जोडीच्या परीक्षिका दोन-दोनदा लावत बसू नये. तीन किंवा अधिक वेळच्या मोजमापांसाठी पुनरावृत्त मापनांचे प्रचरण विश्लेषण आहे आणि क्रमांवर चालणारी फ्रीडमनची परीक्षिका आहे.

एकाच वर्गाचा अहवाल लिहायचा तर वरच्या उदाहरणासाठी तो चार ओळींत बसतो. दहा विद्यार्थ्यांच्या पूर्वचाचणीचे मध्यमान १०, उत्तरचाचणीचे १३. फरकांचे मध्यमान ३, प्रमाण विचलन २.३१. फरकांत एकाकी मूल्य नसल्याने जोडीची टी-परीक्षिका वापरली. ९ स्वाधीनता मात्रांसाठी टी ४.११, पी-मूल्य ०.००३. सरासरी वाढीचा ९५ टक्के विश्वासाचा पट्टा १.३५ ते ४.६५ गुण. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.